गावच्या पाणी योजनेचं अंदाजपत्रक परत का येतं?

अनुदानासाठी पाठवलेले पाणी योजनेचे प्रस्ताव पाइपांच्या हिशेबात सहसा अडत नाहीत. साहित्याची यादी बहुतेकांना जमते. लांबी मोजा, तुटफुटीसाठी थोडी वाढ धरा, व्हॉल्व्ह आणि जोड विसरू नका, दरपत्रकं जोडा. गाडी अडते ती मजुरी आणि देखभाल या दोन रकान्यांत.

मजुरी आधी. समजा १२०० मीटर चर खणायचा आहे, ४० सेंटिमीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर खोल. म्हणजे ४३२ घनमीटर माती. मऊ जमिनीत माणूस दिवसाला दोन घनमीटर खणतो असं धरलं, तर २१६ मजूरदिवस लागतात. खाली मुरूम किंवा कातळ असेल तर हा हिशेब कोलमडतो, म्हणून आधी चार-पाच ठिकाणी खड्डे घेऊन बघा. हे काम श्रमदानात दाखवणार असाल, तर ठेकेदाराच्या दरातून खुदाई वजा करा. पाइप टाकण्याच्या दरात ती बऱ्याचदा आधीच धरलेली असते. एकच काम दोनदा लागलं की तपासणारा पूर्ण कागदाकडे संशयाने बघतो. पंपजोडणी आणि विजेचं काम श्रमदानात धरूच नका. हजेरीपत्रक पहिल्या दिवसापासून ठेवा, नंतर अंगठे गोळा करून ते बनत नाही.

आता देखभाल निधी. ‘एकूण खर्चाच्या पाच टक्के’ एवढंच लिहिलेले कागद हमखास परत येतात, आणि इथे मी कार्यालयाच्या बाजूने आहे. टक्केवारीवर पंप चालत नाही. १२० घरं, ६०० माणसं, माणशी ५५ लिटर म्हणजे रोज ३३ हजार लिटर पाणी. लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचं तर ३३ टक्के क्लोरीन असलेली ब्लिचिंग पावडर रोज २०० ग्रॅम लागते, महिन्याला सहा किलो. उघड्या पोत्यातली पावडर कस गमावते, तेव्हा वर्षाचा साठा एकदम घेऊ नका. दोन किलोवॅटचा पंप सहा तास चालला तर महिन्याला ३६० युनिट वीज. यात पंप चालवणाऱ्याचा पगार, किरकोळ दुरुस्ती आणि पंप बदलण्यासाठी दरवर्षी बाजूला काढायची रक्कम मिळवा. ही शेवटची रक्कम सगळेच विसरतात.

वार्षिक बेरजेला १२० ने भागू नका. पाणीपट्टी ९६ घरंच भरतील असं दिसत असेल तर ९६ ने भागा, दर सव्वापट होतो. तो ऐकून बैठकीत आरडाओरडा होईल, पण तो अर्जाआधी झालेला बरा, कारण दराचा ठराव सह्यांसकट जोडावा लागतो. निधीचं बँक खातंही वेगळं असावं. बांधकामाच्या खात्यात तो मिसळला की अनुदानातून निधी उभा करताय असा अर्थ निघतो आणि रक्कम कापली जाते.

आणि एक कागद जवळजवळ कुणाकडेच नसतो: उन्हाळ्याच्या शेवटी विहिरीला किती पाणी येतं याची मोजणी. पावसाळ्यातला आकडा चालत नाही. ती वेळ हुकली तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबावं लागतं, म्हणून अर्जाची तारीख बघण्याआधी ही मोजणी उरकून घ्या.