रात्रपाळीत लूप का झुलतो? ज्यूरी चाचणीबद्दल आमच्या ग्राहकांसाठी

आमच्या ट्यूनिंग रिपोर्टच्या शेवटच्या पानावर ज्यूरी चाचणीचा तीन ओळींचा एक तक्ता असतो. लूप शांत होईल की झुलत जाईल, हे ती चाचणी सांगते. 'हे काय आहे आणि आम्ही याचं काय करायचं?' असं बरेच जण रबाळ्याच्या ऑफिसात फोन करून विचारतात. रास्त प्रश्न आहे. उत्तर एका खऱ्या तक्रारीच्या धाग्याने देतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून ढोबळ केले आहेत.

महापेतल्या एका कारखान्यात वाफेवर पाणी तापवणारा हीट एक्स्चेंजर आहे. पीएलसी दर १० सेकंदांनी तापमान वाचतो आणि स्टीम व्हॉल्व्ह हलवतो. दिवसा सगळं सुरळीत चालायचं. रात्री पाण्याचा वापर कमी झाला की तापमान सेटपॉइंटच्या वरखाली झुलू लागायचं, साधारण सव्वा मिनिटाला एक हेलकावा, आणि प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा. ऑपरेटर शेवटी लूप मॅन्युअलवर टाकायचे. सेन्सर बदलून झाला, केबल बदलून झाली, फरक शून्य.

दिवसाच्या प्रवाहाला आम्ही व्हॉल्व्ह थोडा उघडून तापमानाचा ट्रेंड घेतला. व्हॉल्व्ह १ टक्का उघडला की तापमान शेवटी अर्धा अंश वाढतं, आणि परिणाम दिसायला एक सॅम्पल जास्त लागतो, कारण सेन्सर पाइपवर थोडा पुढे बसवला आहे. नेहमीच्या स्थितीपासून तापमानात पडलेला फरक y, व्हॉल्व्हमधला फरक u आणि सेटपॉइंटपासूनची चूक e धरली, तर प्रक्रिया आणि पीएलसीतला पीआय कंट्रोलर असे दिसतात:

```
y[k+1] = 0.8*y[k] + 0.1*u[k-1]
u[k]   = u[k-1] + K*(e[k] - 0.5*e[k-1])
```

दोन्ही एकत्र केले की लूपची कॅरॅक्टरिस्टिक बहुपदी मिळते. K हा कंट्रोलरचा गेन, आणि 0.1*K ला आपण h म्हणू:

```
P(z) = z^3 - 1.8*z^2 + (0.8 + h)*z - 0.5*h
```

हिची तिन्ही मुळं एकक वर्तुळाच्या आत असतील तर लूप शांत होतो. एक जरी बाहेर गेलं तरी हेलकावे वाढत जातात. मुळं काढणं आज अवघड नाही, लॅपटॉपवर क्षणात निघतात. पण ती K च्या एका आकड्यासाठी निघतात. 'K कुठवर वाढवू?' या प्रश्नाला एक एक आकडा घालून बघत बसावं लागतं. १९६१ साली एलियाहू ज्यूरी यांनी तक्त्याच्या रूपात मांडलेली चाचणी गुणकांवरच चालते, त्यामुळे K हे अक्षर तसंच ठेवून मर्यादा थेट हाती येते. आम्ही ती वापरतो ती एवढ्याचसाठी.

तिसऱ्या घाताच्या बहुपदीला चार अटी लागतात. z³ चा गुणक धन असायला हवा. इथे तो १ आहे, म्हणून हिशोब सोपा. पहिल्या तीन अटी नुसत्या बघून होतात:

```
P(1)  = 0.5*h             > 0
P(-1) = -(3.6 + 1.5*h)    < 0
|शेवटचा गुणक| = 0.5*h      < 1
```

h धन असेल तर पहिल्या दोन आपोआप पाळल्या जातात. तिसरी सांगते की h दोनच्या खाली हवा, म्हणजे K २० च्या खाली. बरेच जण इथेच थांबतात, आणि इथेच फसतात. P(-1) चं चिन्ह घातावर ठरतं, हेही ध्यानात असू द्या: घात विषम असेल तर ऋण हवं, सम असेल तर धन. चौथ्या घाताच्या बहुपदीला विषमचा नियम लावून चांगला लूप नापास केलेला आम्ही पाहिला आहे.

चौथी अट तक्त्यातून येते. पहिल्या ओळीत गुणक शेवटापासून लिहायचे, दुसरीत तेच उलटे, आणि तिसरी ओळ त्यांच्या तिरक्या गुणाकारांच्या वजाबाकीने काढायची. तिसऱ्या ओळीचं पहिलं टोक आणि शेवटचं टोक असं येतं:

```
b0 = (-0.5*h)^2 - 1^2               = 0.25*h^2 - 1
b2 = (-0.5*h)*(-1.8) - 1*(0.8 + h)  = -0.8 - 0.1*h
```

चिन्ह सोडून पाहिलं तर b0 हा b2 पेक्षा मोठा हवा. तिसरी अट पाळली असेल तर याची बेरीज-वजाबाकी होऊन एक साधी ओळ उरते:

```
0.25*h^2 + 0.1*h < 0.2
```

म्हणजे h सुमारे ०.७१६ च्या खाली, K सुमारे ७.१६ च्या खाली. २० कुठे आणि ७ कुठे!

आता त्या कारखान्याकडे वळू. तिथे K होता ५. दिवसाचा h ०.५, डावी बाजू ०.११२५, चाचणी पास. रात्री प्रवाह कमी झाला की तेवढ्याच वाफेत कमी पाणी जास्त तापतं. रात्रीच्या ट्रेंडवरून १ टक्का व्हॉल्व्हला ०.८ अंश असा गेन निघाला. मग ०.१ च्या जागी ०.१६ येतो, आणि K ला कुणी हातही न लावता h ०.८ होतो. तक्त्याची तिसरी ओळ बघा:

```
-0.84   1.16   -0.88
```

०.८४ हा ०.८८ पेक्षा लहान आहे, म्हणून चाचणी नापास. पहिल्या तिन्ही अटी मात्र याच h ला पास होतात. खात्री म्हणून मुळं काढली, तर जोडीतल्या दोन मुळांचं वर्तुळाच्या केंद्रापासूनचं अंतर सुमारे १.०३ आलं आणि एका हेलकाव्याला ७८ सेकंद लागतात असं दिसलं. ऑपरेटरची सव्वा मिनिटाची गोष्ट तंतोतंत जुळली.

इथे आम्ही एक गोष्ट सोपी करून घेतली आहे. प्रवाह कमी झाला की प्रक्रियेच्या समीकरणातला y[k] चा ०.८ हा गुणकही बदलतो आणि सेन्सरपर्यंत पाणी पोहोचायला जास्त वेळ लागतो. उशीर आणखी एका सॅम्पलने वाढला तर बहुपदी चौथ्या घाताची होते आणि तक्त्यात ओळी वाढतात. म्हणून मर्यादेला खेटून K ठेवण्यात शहाणपण नाही. आम्ही K ३ केला. रात्रीचा h ०.४८ झाला, डावी बाजू ०.१०५६.

पण पास म्हणजे किती पास, हे तक्ता सांगत नाही. ०.२ आणि ०.१०५६ मधल्या फरकाला सुरक्षिततेचं अंतर समजू नका. त्यासाठी आम्ही वर्तुळच लहान करतो: z च्या जागी 0.95*z घालून तीच चाचणी पुन्हा लावतो. तीही पास झाली, म्हणजे प्रत्येक मूळ ०.९५ च्या आत आहे आणि हेलकावा दर सॅम्पलला किमान ५ टक्क्यांनी खाली येतो. रिपोर्टमधला दुसरा तक्ता तो हाच.

तुमच्याकडे एक्सेलमध्ये हे करून बघायचं असेल तर गुणक दोन दशांशांवर तोडू नका. सीमेजवळ तेवढ्याने निकाल फिरतो. b0 आणि b2 सारखेच आले तर बहुधा तुम्ही बरोबर सीमेवर आहात. तो निकाल पास धरू नका, K खाली आणा.

आणि ही चाचणी समीकरणाची आहे, व्हॉल्व्हची नाही. ग्लँड जास्त आवळल्यामुळे अडकणारा व्हॉल्व्हही लूपला झुलवतो, पण तेव्हा हेलकावा वाढत न जाता ठरावीक उंचीवर राहतो आणि K कमी केला तरी सहसा जात नाही. फोन करण्याआधी लूप मॅन्युअलवर टाकून दहा मिनिटांचा ट्रेंड घ्या. मॅन्युअलवरही तापमान झुलत असेल तर आम्हाला बोलावू नका, आधी बॉयलरचं प्रेशर बघा.