चव तीच ठेवायची, तर बिया बदलाव्या लागतात

एस्प्रेसोचं मिश्रण बारा महिने एकाच चवीचं लागतं, पण कॉफीची बी काही बारा महिने तशीच राहत नाही. ब्राझीलमध्ये तोडणी साधारण मे ते सप्टेंबरमध्ये होते, इथिओपियात ऑक्टोबर ते जानेवारीत. पोत्यातला कच्चा माल जुना झाला की गोडवा ओसरतो आणि कपाला पुठ्ठ्यासारखा वास येऊ लागतो. म्हणून कॉफी भाजणारा रोस्टर मिश्रणातली देशांची नावं धरून बसत नाही. कोणती बी कपात काय काम करते, हे तो धरून ठेवतो.

समजा, मिश्रणात निम्मी ब्राझीलची फळासकट वाळवलेली बी आहे, 30 टक्के कोलंबियाची गर धुऊन वाळवलेली आणि 20 टक्के इथिओपियाची. ब्राझीलमुळे दाटपणा येतो, कोलंबियामुळे स्वच्छ आंबटपणा, इथिओपियामुळे फळांचा सुगंध. गोडव्याचं मात्र कोडं आहे. बीतली बहुतेक साखर भाजतानाच मोडते. कपात गोड लागतं ते मुख्यतः कॅरॅमलसारख्या सुगंधामुळे आणि आंबट-कडूचा तोल जमल्यामुळे. म्हणून गोडवा वाढवायचा, तर बहुतेकदा कडवटपणाच आवरावा लागतो. रोबस्टा जातीची बी घातली तर दाटपणा आणि फेस वाढतो, पण कडवटपणाही वाढतो.

आता एक हिशेब, मला तो फार महत्त्वाचा वाटतो. एका डबल शॉटला सुमारे 18 ग्रॅम कॉफी लागते, म्हणजे साधारण 130 बिया. एखादी बी मिश्रणात 5 टक्केच असेल, तर तिचे सहा-सात दाणे वाट्याला येतात. एखाद्या कपात तीन, एखाद्यात दहा. लागोपाठच्या दोन कपांची चव इथेच फुटते. 20 टक्क्यांच्या बीचे सुमारे 26 दाणे येतात, तिथे चार-पाच दाण्यांच्या फरकाने फारसं बिघडत नाही.

ब्राझीलचा नवा माल आला की तो एकदम घालत नाहीत. ताज्या बीत ओलावा बहुधा जास्त असतो, जुन्याच आचेवर ती भाजण्यात मागे राहते आणि चव टोकदार होते. म्हणून आधी छोटे घाणे काढून आच बसवतात. मग एक महिना निम्मा जुना, निम्मा नवा माल, आणि पुढच्या महिन्यात सगळा नवा.

फरक कळतो का, हे तीन कपांनी तपासतात: दोन सारखे, एक वेगळा, आणि वेगळा कोणता ते चाखणाऱ्याने ओळखायचं. नुसत्या अंदाजानेही तिनातला एक बरोबर येतोच. त्यामुळे बऱ्याच फेऱ्यांनंतरही बरोबर उत्तरं एक तृतीयांशाच्या आसपासच राहिली, तरच बदल मान्य होतो. हे कप एस्प्रेसोचेच हवेत, कारण पातळ कॉफीत न जाणवणारा आंबटपणा इथे जिभेला झोंबतो.

नव्या ब्राझीलमध्येच फळांचा सुगंध जास्त निघाला, तर इथिओपिया 20 वरून 15 टक्क्यांवर आणून कोलंबिया 35 करतात. जुन्या मालाला पुठ्ठ्याचा वास लागल्यावर मात्र कुठलंच प्रमाण कामी येत नाही. निम्म्या-निम्म्या मिश्रणातही तो वास उतरतोच, त्यामुळे अदलाबदल त्याआधीच सुरू करावी लागते.