स्नेलची खिडकी

पाण्याखालून वर पाहिले असता बाहेरचे आकाश ज्या वाटोळ्या चकतीत एकवटलेले दिसते, तिला स्नेलची खिडकी म्हणतात. ही चकती डोळ्याशी सुमारे ९७ अंशांचा कोन करते. तिच्याबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा होतो आणि त्यात तळ व कडेच्या भिंतीच उलट्या दिसतात. प्रकाशाच्या अपवर्तनाचा नियम १६२१ च्या सुमारास मांडणाऱ्या विलेब्रोर्ड स्नेल या डच गणितज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते. मात्र हाच नियम पर्शियन गणितज्ञ इब्न सहल याने दहाव्या शतकातच वापरला होता.

हा कोन येतो कसा? हवेतला किरण पाण्यात शिरताना स्तंभिकेकडे, म्हणजे पृष्ठभागाला लंब असलेल्या रेषेकडे, झुकतो. हवेतल्या किरणाने या रेषेशी केलेल्या आपाती कोनाच्या साइनला पाण्याच्या अपवर्तनांकाने, म्हणजे १.३३ ने, भागले की पाण्यातल्या कोनाची साइन मिळते. डोक्यावरून सरळ येणारा किरण वळत नाही. क्षितिजावरून, पाण्याला जवळजवळ घासून येणारा किरण सर्वांत जास्त वळतो. त्याचा आपाती कोन ९० अंश, साइन १; म्हणून पाण्यातली साइन ०.७५ आणि कोन ४८.६ अंश. याहून तिरका किरण बाहेरून येऊच शकत नाही. चारी दिशांनी हीच मर्यादा लागू असल्याने खिडकी वाटोळी होते आणि तिची रुंदी ४८.६ ची दुप्पट भरते. खोलीचा या कोनाशी संबंध नाही. खोल गेल्यावर पृष्ठभागावरचे वर्तुळ तेवढे मोठे होते: त्याची त्रिज्या खोलीच्या सुमारे १.१३ पट असते.

सगळे १८० अंशांचे आभाळ ९७ अंशांत बसवायचे, तर दाटी होणारच. पण ती सगळीकडे सारखी नसते. माथ्यावरचा एक अंश पाण्यातून पाऊण अंश दिसतो. क्षितिजालगतचे १० अंश मात्र काठाच्या जेमतेम एका अंशात चिणले जातात. सांगलीत कृष्णेच्या पात्रात बुडी मारणाऱ्याला काठावरची झाडे आणि घाट खिडकीच्या कडेला चपटे होऊन दिसावेत, ते यामुळे. ही कड अंधुकही असते, कारण इतक्या तिरक्या येणाऱ्या प्रकाशाचा मोठा भाग पाण्यावरूनच परावर्तित होऊन जातो. मावळतीचा सूर्य पाण्यातून क्षितिजावर दिसत नाही. तो सुमारे ४१ अंश वर चढलेला भासतो.

सातारा-सांगलीकडे पोहणे बहुधा शेतातल्या विहिरीत शिकतात, आणि विहिरीत हे दृश्य नदीपेक्षा वेगळे असते. समजा, विहिरीची त्रिज्या ४ मीटर, पाणी कठड्यापासून ६ मीटर खाली, आणि पोहणारा मधोमध २ मीटर खोल आहे. त्याच्या खिडकीची पृष्ठभागावरची त्रिज्या २.२७ मीटर, म्हणजे ती भिंतीपर्यंत पोहोचत नाही. आता कठड्याच्या कडेवरून येणारा किरण घ्या. तो पाण्यावर भिंतीपासून सुमारे ३.२ मीटर आत पडतो आणि वळून डोळ्याकडे स्तंभिकेशी २१ अंशांनी येतो. म्हणजे खिडकी ९७ अंशांचीच. तिच्यातले आभाळ मात्र फक्त ४२ अंशांचे, आणि त्याभोवती पाण्यावरच्या दगडी भिंतीचे रुंद कडे. त्या कड्याबाहेर आरसा सुरू होतो. त्यात पाण्याखालच्या पायऱ्या आणि मोटरीचा पाईप उलटे दिसतात. विहिरीत ‘आभाळाची चकती लहानच दिसते’ म्हणून खिडकीच लहान झाली, असे समजण्याचा मोह होतो. लहान झालेले असते ते फक्त आभाळ. खिडकीची खरी कड ओळखायची, तर भिंतीचे कोरडे दगड संपून पाण्याखालचे ओले दगड उलटे दिसू लागतात ती जागा पाहावी.

पाणी हलले की कड फाटते आणि आभाळाचे तुकडे आरशात शिरतात. त्यामुळे वारा नसलेल्या सकाळी विहीर हीच उत्तम जागा. पावसाळ्यात कृष्णेला गढूळ पाणी आले की काहीच दिसत नाही. समुद्राच्या पाण्याचा अपवर्तनांक थोडा जास्त असल्याने तिथे खिडकी अर्धा-पाऊण अंशाने लहान होते.

सपाट काचेचा गॉगल लावणाऱ्याची आणखी एक फसगत होते. उघड्या डोळ्यांनी खिडकी धूसर दिसते, पण तिचा कोन खरा असतो. गॉगलची काच पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर ठेवून सरळ वर पाहिले, तर पाण्यातून काचेमागच्या हवेत येताना किरण पुन्हा मूळ दिशेला वळतो. मग ४८.६ अंशांचा किरण ९० अंशांवर जातो आणि कड दिसतच नाही. ती पाहायला मान तिरपी करावी लागते. जलरोधक पिशवीतल्या मोबाइलचेही तसेच होते. हवेत ८० अंश पाहणारी लेन्स सपाट प्लॅस्टिकमागून पाण्यात सुमारे ५८ अंशच पाहते, त्यामुळे ९७ अंशांचे वर्तुळ एका फोटोत मावत नाही. पाण्याखालचे छायाचित्रकार यासाठी घुमटाकार काच वापरतात. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड याने १९०६ मध्ये वेगळी वाट काढली: पाण्याने भरलेल्या बादलीत फोटोग्राफिक प्लेट बुडवून त्याने असे विशाल कोनाचे चित्र टिपले. आजच्या ‘फिशआय’ लेन्सचे नाव तिथूनच आले.