नमस्कार सोडला की पेट्या फुगतात

गेममधली एक बाई हात जोडून उभी आहे. तिचा देह म्हणजे हजारो त्रिकोणांची जाळी. रे ट्रेसिंगमध्ये, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढत चित्र रंगवताना, प्रत्येक किरण कोणत्या त्रिकोणाला लागतो ते शोधावं लागतं. एकेक त्रिकोण तपासायला वेळ नसतो, म्हणून शेजारचे त्रिकोण एका अदृश्य पेटीत घालतात, शेजारच्या पेट्या आणखी मोठ्या पेटीत, आणि शेवटी सगळी बाई एका पेटीत मावते. या उतरंडीला बीव्हीएच म्हणतात. किरण पेटीला चुकला, की आतलं काहीच तपासायला नको.

बाई हलली की पेट्या बदलायला हव्यात. रीबिल्ड म्हणजे उतरंड मोडून कोण कोणाशेजारी ते नव्यानं ठरवणं. रिफिट म्हणजे कोण कुठल्या पेटीत हे तसंच ठेवून, तळापासून वर येत फक्त पेट्यांची मापं बदलणं. शेजार शोधायचा नसल्यानं रिफिट बरंच स्वस्त पडतं.

पण आपली उतरंड बांधली गेली ती हात जोडलेले असताना. त्या क्षणी दोन्ही तळवे एकमेकांना चिकटलेले, म्हणून ते एकाच पेटीत गेले. ती पेटी समजा 6 सेंमी रुंद, 20 उंच आणि 10 खोल. तिचं पृष्ठफळ 760 चौरस सेंमी. आता बाईनं हात दोन्हीकडे पसरले. रिफिटनं तीच पेटी 160 सेंमी रुंद केली आणि पृष्ठफळ झालं 10,000, म्हणजे सुमारे 13 पट. कुठूनही येणारा किरण पेटीला लागण्याची शक्यता तिच्या पृष्ठफळाच्या प्रमाणात असते. गोल्डस्मिथ आणि सॅमन या संशोधकांनी 1987 साली याच हिशेबावर उतरंडीची किंमत, म्हणजे किरण तपासायला किती काम पडेल ते, मोजली. तेव्हा 13 पट किरण या पेटीत शिरणार, आणि त्यातले बहुतेक दोन तळव्यांमधल्या रिकाम्या हवेतून निघून जाणार.

मला यातली सर्वांत फसवी गोष्ट वाटते ती ही, की चित्र मात्र अचूकच येतं. पेटी मोठी असली तरी त्रिकोण तिच्या आतच असतात. चूक दिसत नाही, फक्त एकेक फ्रेम काढायला लागणारा वेळ वाढतो. म्हणून बांधल्यानंतरची पृष्ठफळांची किंमत नोंदवून ठेवतात आणि आताची किंमत तिच्याशी ताडून पाहतात. ती ठरावीक पटीपलीकडे गेली, की रीबिल्ड.

हा बिघाड साठत जातो असंही नाही. बाईनं पुन्हा हात जोडले, की पेटी पुन्हा 760 वर येते. म्हणूनच सोपा उपाय म्हणजे उतरंड हात पसरलेल्या स्थितीत बांधणं. मग डावा तळवा डाव्या हाताच्या पेटीत राहतो, आणि नमस्कार केला तरी दोन आटोपशीर पेट्या शेजारी येतात, एवढंच. चालण्या-बोलण्याला असं रिफिट पुरतं.

काचेचा पेला फुटून तुकडे विखुरले, तर जुना शेजार उरतच नाही, तिथे रीबिल्डच हवं. त्रिकोणांची संख्या बदलली, तर रिफिटची मुभाच नसते. आणि गर्दीच्या दृश्यात सगळ्यांचं रीबिल्ड एकाच फ्रेममध्ये आलं तर चित्र अडखळतं, म्हणून ते पाळीपाळीनं, दर फ्रेमला थोड्याच पात्रांचं करतात.