कायद्याचा मजकूर जसाच्या तसा उतरवणं

कायद्याचा मजकूर जसाच्या तसा उतरवणं म्हणजे कलमातले शब्द अवतरणात घेताना स्वल्पविराम, अर्धविराम, कंस सगळं मूळ प्रतीत आहे तसंच ठेवायचं, आणि आपण काही गाळलं किंवा घातलं तर ते आपलं काम आहे हे वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे. गाळल्याची खूण तीन टिंबं, घातल्याची खूण चौकोनी कंस, एवढा साधा नियम आहे. पण खरी भानगड ही की सरकारी छापील प्रतीत चौकोनी कंस आधीच असतात आणि त्यांचा अर्थ एकदम वेगळा असतो.

मराठवाड्यात अनुशेषाचा विषय निघाला की संविधानाचं कलम ३७१(२) येतंच, त्याच्यात विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्राच्या विकास मंडळांची तरतूद आहे. इंग्रजी प्रतीत या कलमात ‘महाराष्ट्र किंवा गुजरात राज्य’ हे शब्द चौकोनी कंसात आहेत अन् कंसाआधी बारीक आकडा. खाली तळटीप सांगते की इथं आधी ‘मुंबई राज्य’ होतं, १९६० च्या मुंबई पुनर्रचना अधिनियमानं ते बदललं. म्हणजे हा कंस फक्त दुरुस्ती कुठं झाली ते दाखवायला छापताना टाकलेला, कायद्याचा शब्द नाही. आता परभणी-नांदेडकडं कुणी अर्ज टाइप करताना तो कंस तसाच घेतला आणि तळटीप सोडली, तर वाचणारा म्हणणार की ‘महाराष्ट्र किंवा गुजरात’ हे वकीलसाहेबांनी पदरचं घातलं की काय. म्हणून कंस अन् आकडा दोन्ही काढायचे आणि अवतरणाच्या बाहेर ‘मूळ प्रतीतले दुरुस्तीदर्शक कंस वगळले’ असं लिहायचं, नाहीतर दोन्ही ठेवून तळटीपही द्यायची. अर्धंमुर्धं ठेवलं की घोळ झालाच.

टिंबांचंही तसंच. संसदेनं एखादा भाग काढून टाकला की छापील प्रतीत तिथं फुल्या असतात, उदाहरणार्थ कलम १९(१) मधला मालमत्तेच्या हक्काचा उपखंड ४४व्या दुरुस्तीनं गेला तिथं फुल्यांची ओळ आहे. तिच्या जागी टिंबं टाकली तर अर्थ होतो की तुम्ही गाळलं, आणि समोरचा विचारणार काय लपवलं म्हणून.

एक उदाहरण करून बघू. शाळेच्या पुस्तकात असते ती उद्देशिका सगळ्यांनाच ठाऊक आहे, त्यातला न्याय आणि समानता एवढाच भाग पाहिजे:

“आम्ही, भारताचे लोक, ... त्याच्या सर्व नागरिकांस: सामाजिक, आर्थिक व राजकीय न्याय; ... दर्जाची व संधीची समानता; निश्चितपणे प्राप्त करून देण्याचा... संकल्पपूर्वक निर्धार करून; ...”

इथं ‘न्याय’ नंतरचा अर्धविराम मूळचा आहे म्हणून तो टिंबांच्या आधी राहिला, उडवायचा नाही. ‘नागरिकांस’ पुढचा विसर्गासारखा दिसणारा अपूर्णविरामही मूळचाच. शेवटी पूर्णविराम मुद्दाम दिला नाही, कारण मूळ वाक्य तिथं संपतच नाही, पुढं संविधानसभा अन् तारीख आहे. तुमचं स्वतःचं वाक्य संपत असेल तर तो पूर्णविराम अवतरणचिन्हाच्या बाहेर. आणि तुमच्या वाक्यात ‘नागरिकांना’ बसत असेल तर “नागरिकां[ना]” असं करता येतं, पण मी म्हणतो आपलंच वाक्य फिरवून घ्यावं, विभक्तीसाठी कंस टाकलेलं वाचायला लई खडबडीत लागतं.

मराठीत शेवटाची काटछाट जास्त धोक्याची आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळं अधिकाऱ्यानं एखादी गोष्ट ‘करील’ की ‘करू शकेल’, म्हणजे सक्ती की मर्जी, हे वाक्याच्या शेपटीत ठरतं, आणि ‘नाही’ पण तिथंच बसलेलं असतं. शेपूट टिंबांत गेली की मजकूर शब्दाला शब्द बरोबर असूनही खोटा होतो. ‘परंतु’ नं सुरू होणारं परंतुकही असंच, ते गाळायचं असेल तर निदान टिंबं तरी हवीतच.

व्याख्यांच्या कलमात शब्द मुळातच अवतरणचिन्हात असतो. तो मजकूर दुहेरी चिन्हात घेतला की आतली चिन्हं एकेरी करायची, आणि वेगळा परिच्छेद पाडून, बाहेरची चिन्हं न लावता दिला तर आतली जशीच्या तशी.

तपासायला जुनी पद्धतच बरी, एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, “स्वल्पविराम, चौकोनी कंस सुरू, कंस बंद” असं चिन्हांसकट, आणि दुसऱ्यानं टाइप केलेल्यावर बोट ठेवायचं. जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफवरून कॉपी केलं तर अक्षरं फुटतात, मग लोक हातानं टाइप करतात आणि नेमका तिथंच ‘व’ चा ‘किंवा’ होऊन बसतो.