शेअर आणि कॉपी: पोस्ट डिलीट केल्यावर नेमकं काय जातं?

माझ्या मावसबहिणीने जून २०१७ मध्ये मुलाचा दहावीचा निकाल फेसबुकवर टाकला होता. फोटोत आजीच्या शेजारी गुणपत्रिका धरून उभा असलेला मुलगा. पोस्ट पब्लिक होती. गुणपत्रिकेवरचं मुलाचं पूर्ण नाव, आईचं नाव आणि बैठक क्रमांक फोटो मोठा केला की स्वच्छ वाचता येत होते. आता मुलाला ते नको आहे. तिने पोस्ट डिलीट केली आणि आठवड्याने मला विचारलं, "मामाच्या पानावरून गेला, मग क्लासच्या पेजवर अजून कसा दिसतो?"

कारण मामाने पोस्ट शेअर केली होती आणि क्लासने कॉपी केली होती. बोलताना आपण दोन्हीला "शेअर केलं" म्हणतो, पण आत घडतं ते वेगळं.

शेअरचं बटण दाबलं की मामाच्या पानावर फोटो जात नाही, फक्त मूळ पोस्टचा पत्ता जातो. मामाचं पान उघडणाऱ्याला फेसबुक दर वेळी तिच्या मूळ पोस्टमधूनच फोटो दाखवतं. म्हणून मूळ पोस्ट गेली की तिथे "हा मजकूर उपलब्ध नाही" अशा अर्थाची रिकामी चौकट राहते. मामाने वर लिहिलेलं "अभिनंदन, ९१ टक्के!" मात्र तसंच राहतं, कारण ते त्याचं लिखाण आहे. एक्सवरही असंच. साधी रिपोस्ट मूळ पोस्टबरोबर जाते, पण कोट करून लिहिणाऱ्याचे शब्द मागे राहतात. तुमचं वाक्य त्याने स्वतः टाइप केलं असेल, तर तेही राहतं.

कॉपी म्हणजे झेरॉक्स. क्लासने फोटो उतरवून घेतला, त्यावर स्वतःचा लोगो लावला आणि नव्याने अपलोड केला. फेसबुकच्या दृष्टीने ती क्लासची स्वतंत्र पोस्ट आहे, मूळ पोस्टशी तिचा धागाच नाही. स्क्रीनशॉट तसाच. व्हॉट्सॲपवर पुढे पाठवलेला फोटोही तसाच. तिथलं "डिलीट फॉर एव्हरीवन" साधारण अडीच दिवसांपर्यंत चालतं, तेही तुमच्या मूळ मेसेजपुरतं. तोवर कुणी फॉरवर्ड केला असेल, तर ती प्रत त्याची.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे व्हॉट्सॲपवर पाठवलेली पोस्टची लिंक. लिंक हा पत्ता, तो मूळ पोस्ट गेल्यावर निकामी होतो. पण लिंकखाली दिसणारं छोटं चित्र आणि दोन ओळी मेसेजबरोबरच गेलेल्या असतात. त्या फोनमध्ये राहतात.

बहिणीची खरी चूक झाली ती क्रमात. आधी डिलीट केलं की कुणी शेअर केलं ती यादीही हातातून जाते, आणि कॉपीविरुद्ध तक्रार करताना दाखवायला मूळ पोस्ट उरत नाही. सुदैवाने फेसबुकच्या कचरापेटीत पोस्ट ३० दिवस राहते, म्हणून तिने ती परत आणली. मग प्रेक्षक बदलून "Only me" केलं. शेअर केलेल्या ठिकाणी मूळ पोस्टचीच प्रेक्षक-मर्यादा लागू होत असल्याने फोटो सगळ्या शेअरमधून दिसेनासा झाला, आणि पोस्ट, तारीख, लिंक हाताशी राहिली. शेअरच्या आकड्यावर टॅप करून नावं पाहिली. आपल्याला दिसणार नाही अशा रीतीने ज्यांनी शेअर केलं आहे, ते या यादीत येत नाहीत. कॉपी करणारे तर येतच नाहीत, ते शोधायचे फोटो टाकून गूगल लेन्सने. तेही उघड्या पानांपुरतं, व्हॉट्सॲप ग्रुप त्याला दिसत नाहीत.

क्लासला आधी साधा मेसेज केला, उत्तर आलं नाही. मग कॉपीराइटची तक्रार. फोटो बहिणीने स्वतः काढलेला, म्हणून हक्क तिचा. फोटोत कोण आहे यावर तो ठरत नाही. हाच फोटो मामाने काढला असता, तर तक्रार मामाला करावी लागली असती. तक्रारीत मूळ पोस्टची आणि क्लासच्या पोस्टची लिंक दिली आणि क्लासची पोस्ट निघाली. खात्यातून लॉग आउट करून ब्राउझरच्या खासगी खिडकीत ती लिंक उघडून आम्ही खात्री केली. आपल्याच खात्यातून पाहिलं, तर इतरांना काय दिसतं ते कळत नाही.

गूगलच्या शोधात फोटो त्यानंतरही दिसत होता. पान गेलेलं असूनही निकालात जुनी नोंद उरली असेल, तर ती ताजी करण्याची विनंती गूगलकडे करता येते. मूळ पानावर फोटो अजून असेल, तर ही विनंती लागू पडत नाही.

नातेवाइकांच्या ग्रुपमधल्या फोटोंवर मात्र यातलं काहीच चालत नाही. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा व्यक्तीच्या घरगुती वापराला लागू होत नाही. तिथे एकेकाला फोन करून "एवढा फोटो काढून टाक" म्हणावं लागतं. बहिणीने अकरा जणांना फोन केले. नऊ जणांनी तिच्यासमोर काढला, दोघांचे फोन मध्यंतरी बदलले होते. त्या जुन्या फोनचं पुढे काय झालं, ते दोघांनाही आठवत नाही.