ऑटो-कटनंतर पेट्रोल भरणे

पेट्रोल पंपावरच्या नोझलचा खटका पडून पुरवठा आपोआप थांबल्यावरही ट्रिगर पुन्हा पुन्हा दाबून टाकीत आणखी पेट्रोल घालण्याची पद्धत. आपल्याकडे तिची दोन मुख्य कारणे दिसतात. एक, रक्कम राउंड फिगर व्हावी. दुसरे, 'टाकी टू टाकी' ॲव्हरेज काढताना टाकी काठोकाठ भरली म्हणजे हिशेब अचूक येतो ही समजूत. या जादा लिटर-दीड लिटरातले काही पेट्रोल इंजिनपर्यंत पोहोचतच नाही आणि त्याचा सर्वाधिक त्रास होतो तो गाडीतल्या कॅनिस्टरला, म्हणजे टाकीतली वाफ धरून ठेवणाऱ्या डब्याला.

खटका का पडतो

नोझलच्या टोकाजवळ एक बारीक छिद्र असते. पेट्रोल वाहू लागले की त्याच्या वेगामुळे नोझलच्या आत थोडी पोकळी तयार होते आणि या छिद्रातून हवा आत ओढली जाते. टाकीच्या गळ्यात पेट्रोल चढून छिद्र बुडाले की हवा बंद होते, आतली पोकळी वाढते, तिने एक पातळ पडदा ओढला जातो आणि झडप मिटते. यात वीज नाही, सेन्सर नाही. नोझलला टाकीत किती लिटर पेट्रोल आहे हे कळत नाही, फक्त पेट्रोल आपल्या टोकाला लागले एवढेच कळते.

पेट्रोल त्या टोकापर्यंत कधी चढावे हे मात्र टाकी बनवणाऱ्याने ठरवलेले असते. टाकीच्या वरच्या भागात मुद्दाम मोकळी जागा राखलेली असते. पेट्रोल ठरलेल्या पातळीला आले की आतला तरंगता व्हॉल्व्ह हवा बाहेर जाण्याची वाट बंद करतो. हवेला वाट उरली नाही की पेट्रोल गळ्यात वर चढते आणि खटका पडतो. म्हणजे खटक्याच्या वेळी टाकीत जी रिकामी जागा उरते ती भरायची राहून गेलेली नसते. ती पेट्रोलच्या फुगण्यासाठी आणि वाफेसाठी असते.

मोकळ्या जागेचा हिशेब

पेट्रोल एक अंश सेल्सियस तापले की त्याचे आकारमान साधारण हजारात एका भागाने वाढते. समजा, मे महिन्यात पहाटे नागपुरात एका कारमध्ये ४० लिटर पेट्रोल आहे. जमिनीखालच्या टाकीतून आलेले हे पेट्रोल २८ अंशांचे आहे. गाडी दुपारी उन्हात उभी राहिली आणि पेट्रोल ४३ अंशांवर गेले, तर १५ अंशांच्या फरकाने ते अर्ध्या लिटरपेक्षा थोडे जास्त वाढते. खटक्याला थांबलेल्या टाकीत हे सहज मावते. पण खटक्यानंतर आणखी दीड लिटर घातले असेल, तर वाढलेल्या पेट्रोलला जाण्यासाठी वरची वाफेची नळी हीच वाट उरते. गाडी उतारावर उभी असेल तर तेवढ्या उन्हाचीही गरज पडत नाही.

दर उन्हाळ्यात 'टाकी फुल करू नका, स्फोट होईल' असा संदेश फिरतो आणि तो चुकीचा आहे. कंपनीने सांगितलेल्या मर्यादेपर्यंत टाकी भरणे सुरक्षितच असते, कारण उन्हाळ्याचे फुगणे त्या मर्यादेत धरलेले असते. त्या संदेशामुळे खरा प्रश्न मात्र झाकला जातो. तो प्रश्न मर्यादेच्या पलीकडे घातलेल्या पेट्रोलचा आहे.

कॅनिस्टर

उभ्या गाडीच्या टाकीतही पेट्रोलची वाफ सतत तयार होत असते. ती हवेत सोडली तर पेट्रोल वाया जाते आणि हवाही बिघडते. म्हणून १९७० साली कॅलिफोर्नियात आणि पुढच्या वर्षी सगळ्या अमेरिकेत नव्या गाड्यांवर ही वाफ धरणारी यंत्रणा सक्तीची झाली. भारत स्टेज मानकांनुसार आपल्याकडच्या पेट्रोल गाड्यांतही ती असते. तिचा गाभा म्हणजे सक्रिय कोळशाने भरलेला प्लास्टिकचा डबा, अर्थात कॅनिस्टर. टाकीतली वाफ नळीने इथे येते आणि कोळशाच्या असंख्य सूक्ष्म छिद्रांत चिकटून राहते. नंतर गाडी चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह उघडतो, इंजिन कॅनिस्टरमधून हवा ओढते आणि साठलेली वाफ जळून जाते. हा डबा म्हणजे पेट्रोलची बचतपेटीच आहे.

पण हा कोळसा वाफेसाठी आहे. द्रव पेट्रोल आले की छिद्रे एका दमात भरतात आणि नवी वाफ धरायला जागाच उरत नाही. मग कॅनिस्टरच्या हवेकडच्या तोंडातून वाफ, कधी थेंबही, बाहेर पडतात. ज्या वाफेतून उद्या काही किलोमीटर मिळाले असते ती पार्किंगमध्ये उडून जाते. असे वारंवार झाले तर कोळशाच्या गोळ्या झिजून त्यांची भुकटी होते. ती नळीने पर्ज व्हॉल्व्हपर्यंत पोहोचली की व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमधून इंजिनला नको तेव्हा वाफ मिळते आणि हवा-पेट्रोलचे मिश्रण गरजेपेक्षा जड, म्हणजे जास्त पेट्रोलचे होते.

बिघाड ओळखणे

टाकी भरून निघताना गाडी उशिरा स्टार्ट होते किंवा आयडलिंगला धडधडते, पण टाकी अर्ध्यावर असताना शहाण्यासारखी चालते. ही सर्वात बोलकी खूण. त्याबरोबर मागच्या चाकाजवळ किंवा बॉनेटमध्ये, जिथे कॅनिस्टर असेल तिथे, पेट्रोलचा वास येतो. चेक इंजिनचा दिवा लागल्यास स्कॅनरवर P0441, P0496 किंवा P0172 असे कोड दिसू शकतात. पहिले दोन पर्जच्या प्रवाहाचे आणि तिसरा जड मिश्रणाचा. P0172 ला इतर कारणेही असतात, त्यामुळे केवळ त्यावरून कॅनिस्टर बदलू नये.

मेकॅनिक सोपी परीक्षा करतो. इंजिन बंद असताना काढलेला पर्ज व्हॉल्व्ह मिटलेला असायला हवा. त्यातून फुंकर आरपार गेली तर तो गेला. कॅनिस्टर हातात घेऊन नव्याच्या तुलनेत जड लागला किंवा हलवल्यावर आत द्रव डुचमळला, तर त्याला पेट्रोल लागलेले आहे. एखाद्या वेळी थोडेच पेट्रोल गेले असेल तर पुढच्या प्रवासात पर्ज होऊन तो बराचसा सुकतो. भुकटी झाली असेल तर मात्र कॅनिस्टर आणि व्हॉल्व्ह दोन्ही बदलावे लागतात, आणि नुसता व्हॉल्व्ह बदलून गाडी परत देणे ही गॅरेजमधली नेहमीची चूक आहे.

पंपावरची वाफ-यंत्रणा

जास्त विक्रीच्या काही पंपांवर नोझललाच वाफ परत ओढणारी सोय असते. टाकीच्या गळ्यातून बाहेर येणारी वाफ ती पंपाच्या भूमिगत टाकीत नेते. अशा नोझलने कटनंतर भरत राहिले तर गळ्यात चढलेले पेट्रोलही त्या वाटेने मागे जाऊ शकते. ते मीटरवर आधीच मोजलेले असते. म्हणजे पैसे ग्राहकाचे आणि पेट्रोल पंपाचे.

अपवाद आणि दुचाकी

खटका कधी लवकरही पडतो. नोझल तिरके धरले असेल, गळा अरुंद असेल किंवा जोराच्या धारेने फेस आला असेल तर असे होते. काटा अर्ध्यावर असताना खटका पडला तर नोझल नीट आत बसवून धार कमी करून पुन्हा सुरू करण्यात काही गैर नाही. काटा फुलजवळ असेल तर पहिला खटका हाच शेवटचा.

मोटरसायकल आणि स्कूटरवर बऱ्याचदा नोझल पूर्ण आत जात नाही आणि कर्मचारी डोळ्यांनी पातळी पाहून भरतो, त्यामुळे खटक्याचा आधार मिळत नाही. तिथे गळ्याच्या आतल्या कडेच्या खाली थांबायचे असते. तिच्यावर गेलेले पेट्रोल उन्हात ओव्हरफ्लो नळीने जमिनीवर टपकते, आणि कॅनिस्टर असलेल्या दुचाकीत तिकडेही शिरू शकते.

ॲव्हरेजच्या हिशेबालाही काठोकाठ भरणे लागत नाही. त्याच पंपावर, शक्यतो त्याच नोझलने, दोन्ही वेळा पहिल्या खटक्याला थांबले की दोन भरण्यांतली पातळी जवळपास सारखी येते, आणि थोडा फरक राहिला तरी तीन-चार टाक्यांची सरासरी काढल्यावर तो मिटतो.